पंचवीस हजारांची सूट

रखमाने आयुष्यात भाव न करता एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे नवरा, आणि तो सौदा कसा अंगलट आला हे ती स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायची. त्यानंतर तिने कुणी सांगितलेला भाव म्हणून कधी दिला नाही. भाजीवाला तिला लांबून बघूनच जुडीमागे दोन रुपये चढवून ठेवायचा, म्हणजे मग उतरवता येतात.

कॅम्प तीनमध्ये तिचा धागा कटिंगचा गाळा होता. शिवून आलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कापायचे, पीस झटकायचा, उलटासुलटा बघायचा आणि गठ्ठ्यावर टाकायचा. चौदा बायका जमिनीवर मांडी घालून बसत आणि दिवसभर कात्र्या कचकच चालत. माल देणारे शेठ बहुतेक सिंधी. त्यांच्याशी ती त्यांच्याच चालीने बोलायची. "साई, इस भाव में तो मेरी कैंची भी मुँह नहीं खोलती." शेठ कपाळाला हात लावायचे आणि पीसमागे चार आणे वाढवायचे. ह्या जिभेच्या जोरावरच तिने दोन पोरी उजवल्या, गाळा विकत घेतला आणि नवऱ्याला गावाला पाठवून दिलं.

तर अशा बाईला फसवणार कोण? तिचाही तोच सवाल होता. म्हणून तर फसली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला अंबरनाथचा प्रमोद गाळ्यात आला. विमा विकायचा. तिच्या माहेरच्या गावचा, गोड बोलणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने वर्षाला साठ हजार हप्त्याची पॉलिसी काढली आणि रखमाने तोंड उघडलं. मला काय सुटणार, ते आधी बोल. प्रमोद आढेवेढे घेत पाचवर आला, दहावर आला. चहा झाला, रुसवा झाला, एकदा तर तो चपला घालून उठलासुद्धा. शेवटी पंचवीस हजारांवर सौदा पटला. रोख, पाकिटात. "ताई, तुमच्यापुढे मी हात टेकले," तो म्हणाला. "फक्त बाहेर बोलू नका हं. असं द्यायचं नसतं."

बाहेर बोलायचं नाही? रखमाने संध्याकाळच्या आत अख्ख्या गल्लीला सांगितलं. त्या पैशातून गाळ्यात थंड पाण्याचा कूलर आला. बायका पाणी प्यायच्या आणि ती म्हणायची, "प्या, प्या. प्रमोदच्या खिशातलं आहे."

त्याच आठवड्यात तिने इंदुबाईला त्याच्याकडे नेलं होतं.

इंदुबाई गाळ्यातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. बदलापूरजवळच्या तिच्या माहेरची जमीन बिल्डरला गेली तेव्हा भावांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि तीन लाख हातावर ठेवले. नवरा वारलेला. ती दिराच्या घरात, मोरीला लागून असलेल्या कोपऱ्यात झोपायची. त्या तीन लाखांत तिला एकच गोष्ट करायची होती. कॅम्प चारमध्ये एखादी खोली हेवी डिपॉझिटवर घ्यायची. मालकाला रक्कम एकदम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, खोली सोडताना पैसे परत. आपली कडी, आपलं कुलूप. पण रखमा म्हणाली, "खोली कुठे पळून जातेय? आधी पैसा वाढव. प्रमोद एफडीपेक्षा चांगलं देतो. एकदाच भर, पाच वर्षं विसर." इंदुबाईने विसरायचं ठरवलं. रखमाताई म्हणते म्हणजे भाव नीटच केला असणार.

वर्ष झालं. एक दिवस दुपारी इंदुबाई डबा न उघडता रखमासमोर येऊन उभी राहिली आणि मोबाइल पुढे केला.

"ताई, हे लोक तीन लाख परत मागतायत."

"परत देतायत म्हण."

"नाही. मागतायत. कीर्तीने वाचून दाखवलं. दुसरा हप्ता."

कोपऱ्यात बसलेली कीर्ती, गाळ्यातली शिकलेली पोरगी, मान हलवत होती. रखमाने तिथल्या तिथे प्रमोदला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे बायकांना कळेल त्याची कशी पिसं काढतात ते.

"ताई, ती बारा वर्षं भरायची पॉलिसी आहे," प्रमोद शांतपणे म्हणाला. "कंपनीचा फोन आला होता तेव्हा त्या स्वतः हो म्हणाल्यात. रेकॉर्डिंग असतं. पण घाबरू नका, मार्ग आहे. ही बंद करू, जे काय थोडंफार निघेल त्यात लाखभर घाला, दुसरी छोटी काढू. तिच्यात मी तुमचंही काहीतरी बघतो ना."

बायकांच्या कात्र्या थांबल्या होत्या. महिन्याला नऊ-दहा हजार कमावणारी बाई वर्षाला तीन लाख भरणार, तेही बारा वर्षं. हे ऐकून एक-दोघी हसल्यासुद्धा. इंदुबाई हसली नाही. तिने मोबाइल पदराला पुसला आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी रखमाला पहिल्यांदा वाटलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि पाणी मुरलं की भिंत आपलीच निघते, हे तिला अजून कळायचं होतं.

मनालीची आई पूर्वी रखमाच्याच गाळ्यात धागे कापायची. मनाली शिकली, परीक्षा दिल्या, सेबीकडे सल्लागार म्हणून नोंद झाली आणि बदलापूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुढची खोली ऑफिस करून बसली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली नोंदणीचं प्रमाणपत्र. पैशाचं काय करावं हे सांगायचे ती पैसे घेते, एवढंच रखमाला माहीत होतं, आणि त्याबद्दल ती तिच्या आईला बरंच टोचून बोलली होती. सल्ला काय विकायची वस्तू आहे? तो तर नळावर फुकट मिळतो. तरी आता इंदुबाईला घेऊन ती मनालीकडेच गेली.

"कागद बघायचे, सांगायचं आणि तक्रार लिहायला मदत करायची, सहा हजार," मनाली म्हणाली. "आधी करारावर सही. पैसे बँकेतून. रोख मी घेऊ शकत नाही."

"तीन देते. तुझ्या आईला मी कामाला लावलं होतं, विसरू नकोस."

"विसरले नाही, मावशी. सहा."

"साडेतीन. आणि रोख घे, टॅक्सचं कशाला लफडं."

"सहा."

रखमाला हे नवीन होतं. न रुसता, न हसता, न वर जाता न खाली येता बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते तिला सुचेना. "प्रमोद बघ," ती फणकारली. "त्याने एक रुपया घेतला नाही. वर मला पंचवीस हजार सुटले."

"पंचवीस?" मनालीने पेन खाली ठेवलं. "तुमचा हप्ता किती होता?"

"साठ."

"मावशी, तुम्ही शेठकडून माल घेता. समजा शेठ म्हणाला, टेम्पो फुकट, कात्री फुकट, चहा फुकट. तुम्ही काय समजता?"

"पीसच्या भावात कापला असणार. तेवढं न कळायला मी काय काल आले का धंद्यात?"

"मग प्रमोदभाऊंनी फुकट सल्ला दिला, वर पाकीट दिलं, ते कशात कापलं?"

मनालीने मग सरळ सांगितलं. असल्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातले शंभराला तीस-पस्तीस रुपयेसुद्धा विकणाऱ्याला जातात. पुढच्या वर्षांना अगदी थोडे. म्हणून तर 'जुनी बंद करा, नवी काढा'. एफडी करून दिली तर त्याला काही मिळत नाही, म्हणून एफडी तो करून देत नाही, एफडीसारखं काहीतरी देतो. "तो माणूस वाईटच असतो असं नाही," ती म्हणाली. "पण तुमचं भलं एका बाजूला आणि त्याचं पोट दुसऱ्या बाजूला, अशी खुर्ची त्याला दिलेली असते. त्या खुर्चीत सरळ बसायला फार दम लागतो."

"ते असेल. पण मी त्याच्या कमिशनमधून काढून घेतले ना? मग मी जिंकले."

"साठ हजारांवर त्यांना मिळाले असतील अठरा, फार तर एकवीस हजार. तुम्हाला दिले पंचवीस." मनाली थांबली. तिलाही पुढचं बोलणं जड जात होतं. "खिशातून घालून विमा विकणारा एजंट मी अजून बघितला नाही, मावशी. त्याच आठवड्यात त्यांना तीन लाखांच्या हप्त्याची अजून एक पॉलिसी मिळाली. ती कुणी आणली?"

इंदुबाई खाली फरशीकडे बघत होती.

"तू मला दलाल म्हणतेस?" रखमा उठलीच. "तुझ्या आईला विचार मी कोण आहे ते! आणि तू गं? तू कुठली साध्वी? तुलाही पैसे मिळतातच की."

"मिळतात. तुमच्याकडूनच आणि तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही दर वर्षी माझ्याकडे यावं, हा माझा फायदा. म्हणून मी काही सांगितलं तर मलाही विचारायचं, तुला ह्यात काय मिळतं? कुणालाही विचारायचं. उत्तर देताना माणूस घुटमळला की उठायचं."

रखमा घुटमळली नाही, पण उठली. जिन्यात तिच्या लक्षात आलं की इंदुबाई मागे राहिलीय. इंदुबाई आतून दहा मिनिटांनी आली. करारावर सही करून आली होती. सहाच्या सहा हजारांची, भाव न करता.

स्टेशनवर बाकावर बसल्यावर इंदुबाई म्हणाली, "ताई, तो कूलर माझ्या पैशातला आहे का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट. राग असता तर रखमाने वरचा सूर लावून तो मिटवला असता. लाज वाटली, इतकी की तिला इंदुबाईच्या शेजारी बसवेना. ती उठून फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

मनालीने कागद मागवले. अर्जावर इंदुबाईचं वर्षाचं उत्पन्न नऊ लाख लिहिलं होतं आणि धंदा 'तयार कपड्यांचा व्यवसाय'. सही इंदुबाईची, अक्षर प्रमोदचं. मनालीने इंदुबाईशी बोलून तक्रार लिहिली आणि पाठवण्याआधी रखमाला फोन केला. "सूट दिल्याचं लिहायचं का? लिहिलं तर वजन येईल. पण आधीच सांगते, विम्याच्या कायद्यात सूट देणं गुन्हा आणि घेणंही. दंड दोघांनाही होऊ शकतो."

"ते राहू दे," रखमा म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच इतकी चिडली की दोन बायकांना उगीच झापलं.

कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकाने सगळ्या अटी फोनवर मान्य केल्या आहेत, पॉलिसी मिळाल्यावर परत करायला तीस दिवस होते, त्यात केली नाही, सबब तक्रार फेटाळली. मनालीने ती विमा लोकपालाकडे नेली. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, आपलं आपण बोलायचं असतं.

सुनावणीची तारीख लागली आणि चार दिवसांनी प्रमोद गाळ्यात आला. हातात मिठाईचा पुडा. खिशाला तीच दोन पेनं, पण चेहरा उतरलेला.

"ताई, गावचा माणूस म्हणून आलोय. हे लोकपालात गेलं तर माझी एजन्सी जाते. पोरं आहेत मला. इंदुबाईंना मी पन्नास हजार घरून देतो. मिटवा."

"तीन लाखांचे पन्नास?" रखमाची जीभ आपोआप चालली. "साडेतीन लाख घेऊन ये, मग बसू."

"ताई, भाव करायची वेळ नाही ही." प्रमोदने आवाज खाली आणला. "कंपनीच्या त्या फोनच्या वेळी इंदुबाईंच्या शेजारी कोण उभं होतं? पाकीट कुणी घेतलं? सूट घेणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. मी बुडणार असेन तर एकटा बुडणार नाही."

खरं सांगायचं तर रखमा हादरली. दहा लाख म्हणजे गाळा गेला. पण कुणी दटावलं की तिच्या आत काहीतरी ताठ व्हायचं, ते लहानपणापासूनचं होतं. तिने मिठाईचा पुडा उचलला, त्याच्या हातात दिला आणि गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"प्रमोद, तुला मी वाकवून बाहेर काढतेय, नाहीतर ढकलून काढला असता. चोर तो चोर, वर शिरजोर! पोरं तुला एकट्यालाच आहेत का? जा."

तो वाकून बाहेर गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इंदुबाईने मात्र कात्री थांबवली नाही. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला माहीत होतं की ताईने त्याला बाहेर काढलं, पण त्याचं बोलणं आतच राहिलंय.

सुनावणी व्हिडिओवर होती. इंदुबाईला घरी दिराच्या देखत बोलायचं नव्हतं, म्हणून ती गाळ्यातच झाली. जीन्सच्या गठ्ठ्यावर कीर्तीचा मोबाइल टेकवला. समोर इंदुबाई, तिच्यामागे रखमा, आणि भिंतीला लागून बायका. स्क्रीनवर एका चौकोनात लोकपाल मॅडम, चष्मा लावलेल्या, करड्या आवाजाच्या. दुसऱ्यात कंपनीचा टाय लावलेला माणूस.

"तुमचं उत्पन्न किती?" मॅडमनी विचारलं.

"पीसवर असतं. नऊ हजार होतात. सणाला दहा."

"अर्जावर वर्षाला नऊ लाख आहे."

"ते मी लिहिलं नाही. मला सही कुठे करायची ते दाखवलं होतं."

टायवाल्याने सांगितलं की सही ग्राहकाची आहे, आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे खात्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग. ते लावलं. गाळ्यात मुलीचा मंजुळ आवाज घुमला. आपल्याला दर वर्षी तीन लाख रुपये, बारा वर्षं भरायचे आहेत, हे समजलं का? थोडी शांतता. मग इंदुबाईचा बारीक आवाज, "हो." ही मुदत ठेव नाही, विमा आहे, हे समजलं का? शांतता. "हो." आपल्याला कुणी सूट, भेटवस्तू किंवा बक्षीस देऊ केलं आहे का? शांतता. "नाही."

"स्पष्ट आहे, मॅडम," टायवाला म्हणाला.

"परत लावा," मॅडम म्हणाल्या. "मध्ये काहीतरी ऐकू येतंय."

"बॅकग्राउंड नॉइज आहे मॅडम, मार्केट एरिया आहे."

परत लागलं. आता बायकांनीही कान टवकारले. त्या प्रत्येक शांततेत, मागून, कात्र्यांच्या कचकचीतून, दबका पण ठसठशीत आवाज येत होता. "हो म्हण, इंदू." "हो म्हण गं, तसं विचारतातच." आणि शेवटी, "इथं नाही म्हणायचं. नाही."

चौदा बायकांनी तो आवाज ओळखला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोक्यावर वाजणारा आवाज. कुणी रखमाकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. इंदुबाईने मान वळवली नाही. तिने नुसता हात वर करून दाखवलं असतं, ही बघा ही, हिने सांगितलं, तरी पुरलं असतं. तिने हात मांडीवरच ठेवले.

रखमाच्या डोळ्यांपुढून गाळा गेला, दहा लाख गेले, प्रमोदचं 'एकटा बुडणार नाही' गेलं. आणि ह्या सगळ्यावर एकच विचार उरला. माझ्या आवाजाला कुणी मार्केटची गडबड म्हणतंय आणि मी ऐकून घेतेय?

"ओ साहेब," ती पुढे सरकून मोबाइलसमोर बसली, "ती गडबड नाही. ती मी आहे."

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"रखमा. हा गाळा माझा. ही बाई माझ्याकडे कामाला आहे. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी शेजारी उभी होते आणि सगळी उत्तरं मी सांगितली. मला प्रमोदने पढवलं होतं. सगळ्याला हो म्हणायचं, फक्त सूट विचारली की नाही म्हणायचं. हिला एफडी म्हणून दिलं, एकदाच भरायचं म्हणून दिलं, मीपण तसंच समजत होते. आणि सूट मी घेतली. पंचवीस हजार रोख. माझ्या पॉलिसीवर म्हणून घेतली, पण ती हिच्या तीन लाखांतली होती. म्हणजे हिला आणल्याची माझी दलाली. मला तेव्हा कळलं नाही, आता कळलंय."

"मॅडम, ह्या साक्षीदार नाहीत, ह्यांचं—" टायवाला म्हणाला.

"थांबा." मॅडमनी चष्मा काढला. "बाई, हे कबूल केल्याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"माहीत आहेत. दंड आहे. लावा. पण लावताना हेही लिहा, की नऊ हजार कमावणाऱ्या बाईचे नऊ लाख कुणी केले. आणि साहेब, अर्ज तुमच्या कंपनीत गेला, कुणाला शंका आली नाही? इकडे माझा शेठ एक धागा लोंबता राहिला तर पीस परत पाठवतो. तुमच्याकडे बाई लोंबतेय आणि माल पास?"

कुणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडाशी नेला. मॅडम हसल्या नाहीत, पण बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "त्या पंचवीस हजारांचं काय केलंत?"

रखमाने मोबाइल उचलला आणि कॅमेरा कूलरकडे फिरवला.

निकाल दीड महिन्याने आला. पॉलिसी रद्द, भरलेला हप्ता परत, वर व्याज. कंपनीने प्रमोदची चौकशी लावली. रखमाला दंडाचा कागद अजून आलेला नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "येऊ दे. आला तर भाव करीन." स्वतःची पॉलिसी तिने बंद केली. भरल्याच्या मानाने हातात आलं ते बघून चार दिवस जेवण गेलं नाही, पण ते तिने कुणाच्या माथी मारलं नाही. कंपनीला पत्र लिहून विचारलं, ते पंचवीस हजार कुठे भरायचे? त्याचंही उत्तर अजून आलेलं नाही. पैसे घेताना लोक लवकर उत्तर देतात.

इंदुबाईचे पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी तिने गाळ्यात जिलेबी वाटली. रखमा कधीपासून त्या दिवसाचीच वाट बघत होती. जिलेबीचा तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली, "इंदू, ऐक. कॅम्प चारला राजाबाईची खोली रिकामी झालीय. दुसरा मजला, पाणी दोन वेळा, संडास आत. तीन लाख डिपॉझिट, भाडं नाही. मी बोलून ठेवलंय. आजच टोकन दे, नाहीतर जाईल."

इंदुबाईने हातातला पीस उलटा केला, एक धागा कापला, झटकला आणि गठ्ठ्यावर ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला ह्यात काय मिळतं?"

कात्र्या थांबल्या. वर्षापूर्वी कुणी असं विचारलं असतं तर रखमाने तिला गाळ्याबाहेर उभं केलं असतं. रक्त तर आताही तापलं. इतकं सगळं केलं, भर गाळ्यात स्वतःचं नाक कापून घेतलं, आणि तरी ही मला विचारते? कपाळावर शीर उभी राहिली. 'काय मिळणार, डोंबल!' असं म्हणायला तिने तोंडही उघडलं, आणि ती घुटमळली.

घुटमळली, कारण राजाबाई म्हणाली होती, भाडेकरू आणून दे, मग खालच्या खोलीचा पोटमाळा तुला गोदामाला देते, महिन्याला पाचशे कमी. रखमाने ते दलाली म्हणून धरलंच नव्हतं. बोलता बोलता भाव केला होता, सवयीने.

"पोटमाळा," ती शेवटी म्हणाली. "पाचशे कमी भाड्याने."

रखमाच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग लाज, आणि मग ती एकदम हसली, इतकी मोठ्याने की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला. "घे! परत तेच! देवाने मला जीभ दिली का दलाली!"

इंदुबाई उठली. पदर खोचला, चपला घातल्या, पिशवीत पासबुक आहे ना बघितलं.

"थांब, मी येते," रखमाही उठली. "राजाबाई पक्की आहे, तुला गुंडाळेल. मी भाव करते."

"नको," इंदुबाई म्हणाली. "तुम्ही इथंच थांबा, ताई. भाव मी करते."